१८ टक्के म्हणजे नक्की किती? हॅम, बिअर, वजन आणि कॅन्सरचा हिशोब

सुस्तावलेला
मंडळी, एक डोक्याला ताप झालाय. कुणीतरी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकलं की रोज ५० ग्रॅम प्रोसेस्ड मीट खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. मी गेली दहाएक वर्षं नाश्त्याला ब्रेडवर दोन स्लाइस हॅम टाकून खातोय. बायकोने त्याच दिवशी फ्रीजमधलं पाकीट उचलून फेकलं आणि वर म्हणाली, "पाचातला एक मरतो म्हणे." आता १८ टक्के म्हणजे जवळपास पाचात एक हे गणित तिचं, माझं नाही. पण मलाही उलट काही सांगता येईना.
माझी माहिती: वय ४६, बीएमआय ३१ (हो, माहितीये), सिगरेट नाही, वीकेंडला मिळून बिअरचे चार कॅन. मला एवढंच कळून घ्यायचंय की हे १८ माझ्या बाबतीत म्हणजे किती. हॅम सोडू का नको यावर भाषण नको, ते घरी रोज चालू आहे.

खादाडखाऊ
हाहा, वहिनींना सांगा की १८ टक्के हे कशाच्या १८ टक्के हे विचारायचं असतं. असलेला धोका समजा ५ टक्के असेल तर त्याच्या १८ टक्के म्हणजे ०.९. म्हणजे ५ चे झाले ५.९. एवढ्यासाठी पाकीट फेकलं?? सगळा पेपरवाल्यांचा खेळ आहे, "एक टक्का वाढ" असं छापलं तर कोण वाचणार. बिनधास्त खा. आणि वाइन तर हार्टला चांगलीच असते, ते कुणी छापत नाही.

बाळूकाका
पोरांनो, मी तर ऐकलंय की डब्ल्यूएचओने हॅम-सॉसेज सिगरेटच्याच यादीत टाकलंय, ग्रुप वन. मग एक टक्का कसा? सिगरेटने काय होतं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय, माझे दोन मित्र गेले. सिगरेटइतकंच वाईट असेल तर एक टक्का कसा काय, काहीतरी गडबड आहे. की सरकार लपवतंय?

अंकगणिती
मी कॅन्सर रजिस्ट्रीच्या डेटावर बरीच वर्षं काम करते, त्यामुळे हा गोंधळ रोजचा आहे. आधी काकांचं घेते.

काका, ती यादी आयएआरसीची, म्हणजे डब्ल्यूएचओच्याच कॅन्सर संशोधन संस्थेची. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनी प्रोसेस्ड मीट ग्रुप वनमध्ये टाकलं, लाल मांस त्याच्या एक पायरी खाली. पण तो ग्रुप "ह्याने कॅन्सर होतो याची खात्री किती" एवढंच सांगतो, "किती होतो" हे नाही सांगत. न्यायालयात दोघांवर गुन्हा सिद्ध झाला, एकाने पाकीट मारलं आणि दुसऱ्याने खून केला, तरी दोघेही "दोषी"च, तसं. सिगरेट ओढणाऱ्याला फुप्फुसाचा कॅन्सर होण्याची शक्यता न ओढणाऱ्याच्या १५ ते ३० पट असते, पट म्हणतेय मी, टक्के नाही. हॅमचं १.१८ पट. दोघांची खात्री सारखी, आकार कुठल्या कुठे. दारू तर त्याच ग्रुप वनमध्ये १९८८ पासून आहे, फक्त तिच्यावर फॉरवर्ड येत नाहीत.

आता धागाकर्त्याचा प्रश्न. वहिनींनी १८ ला "१०० पैकी १८ जणांना होतो" असं वाचलं. बऱ्याच जणांची दुसरी चूक अशी की आधीचे ५ आणि हे १८ मिळून २३. दोन्ही चूक. खादाडखाऊ यांचा गुणाकार बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही, त्यावर येते.

टक्के सोडा, माणसं मोजा. एका हॉलमध्ये १००० माणसं बसवा, कुणी प्रोसेस्ड मीट खात नाही, पीत नाही, वजन बेताचं. त्यातल्या समजा ४० जणांना आयुष्यात कधीतरी मोठ्या आतड्याचा कॅन्सर होईल. हा ४० मी हिशोबासाठी धरलाय, ज्या देशांत हा कॅन्सर जास्त दिसतो तिथल्या आकड्यांच्या आसपास. जिथे कमी होतो तिथे हाच आकडा बराच खाली असतो आणि तिथे तेच १८ टक्के अजून कमी माणसं वाढवतात, हे पहिलं लक्षात ठेवायचं. आता हॉलमधल्या सगळ्यांना रोज ५० ग्रॅम हॅम द्या, बाकी काही बदलू नका. ४० चे होतील ४७. म्हणजे ९५३ जणांना हॅम खाऊनही हा कॅन्सर होणार नाही, ४० जणांना तसाही झाला असता, आणि ७ जण हॅमवाले. तुमचे "१८ टक्के" म्हणजे ते ७.

खादाडखाऊ
अहो मग तेच तर म्हणतोय, हजारात ७!

अंकगणिती
हजारात ७, एकाच सवयीचे, एकाच कॅन्सरचे. तुम्ही एकट्याने ठरवायचं असेल तर "चालतंय" म्हणायला हरकत नाही, माणूस त्याहून मोठे धोके पत्करून रस्ता ओलांडतो. पण एक कोटी लोक हे खातात तेव्हा तेच ७ सत्तर हजार होतात. म्हणून सरकारी सल्ला देणारा घाबरतो आणि तुम्ही घाबरत नाही, आणि दोघेही बरोबर असू शकता.

हार्टचं म्हणाल तर त्या जुन्या अभ्यासांत "न पिणारे" म्हणून ज्यांना धरलं होतं त्यात आजारपणामुळे दारू सोडलेले बरेच लोक होते. आजारी माणसांशी तुलना केली की पिणारा तब्येतीने छान दिसणारच की. ते वेगळं काढल्यावर फायदा बराच आटला. वाद मिटलाय असं मी म्हणणार नाही, पण कॅन्सरसाठी वाइन आणि बिअर यात फरक नाही, इथेनॉल ते इथेनॉल. शरीरात त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि ते डीएनएला चिकटतं, बाटलीवरचं लेबल त्याला वाचता येत नाही.

खुसपट
ताई, मान्य, पण मूळ १.१८ वरच माझा विश्वास नाही. हॅम खाणारे लोक भाज्या कमी खातात, सिगरेट जास्त ओढतात, बसून असतात. प्रश्नावली भरून "गेल्या वर्षी आठवड्याला किती सॉसेज खाल्ले" असं विचारून काढलेला आकडा हा. मला परवा काय खाल्लं ते आठवत नाही. आणि २०१९ मध्ये अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिनमध्ये एका पॅनेलने हाच पुरावा बघून सांगितलं की आहे तसं खात राहा, पुरावा कमी खात्रीचा आहे. मग कुणाचं ऐकायचं?

अंकगणिती
छान आठवण काढलीत. त्या पॅनेलमध्ये १४ जण होते आणि त्यातले ११ तसं म्हणाले, तेही "कमकुवत शिफारस" अशा शब्दांत. गंमत म्हणजे त्यांनी काढलेले आकडे बाकीच्यांपेक्षा फार वेगळे नव्हते. आकड्यांवर भांडण नव्हतंच, "हजारात एवढेसे, तेही निरीक्षणावरून, यासाठी लोकांना सवय बदलायला सांगावं का" यावर होतं. त्याचं उत्तर स्टॅटिस्टिक्समध्ये नाही. त्यावरून खूप राडा झाला आणि तो पूर्ण संपलाय असं मला वाटत नाही.

सिगरेट, व्यायाम वगैरे गोष्टी हिशोबातून वजा करायचा प्रयत्न अभ्यासांत करतात, पण पुरता होत नाही, हे खरंय. म्हणून त्या १.१८ ला दोन्ही बाजूंनी पट्टा आहे, १.१० ते १.२८. माझ्या हॉलमध्ये ४७ ऐवजी ४४ असतील किंवा ५१. आणि हा पट्टासुद्धा फक्त नशिबाचा खेळ धरतो, तुम्ही म्हणताय ती विसरभोळी प्रश्नावली त्यात येत नाही. तरी वेगवेगळ्या देशांत एकाच दिशेने आकडा येतो, जास्त खाल्लं की जास्त दिसतो, आणि आतड्यात नायट्राइट आणि मांसातलं लोह मिळून जी नायट्रोसो संयुगं बनतात ती लॅबमध्ये दाखवता येतात. म्हणून "होतो" यावर मी ठाम आहे, "१.१८ च होतो" यावर नाही.

सुस्तावलेला
ओके हे डोक्यात शिरलं. मग माझे तिन्ही धरून? हॅम, बिअर, पोट.

अंकगणिती
करू, पण हा फक्त ढोबळ अंदाज, रिपोर्ट नव्हे.

१००० पैकी ४० पासून सुरू. बीएमआय ३० च्या वर असेल तर आतड्याच्या कॅन्सरसाठी साधारण १.३ पट धरतात. बिअरचे चार कॅन ३३० मिलीचे आणि ५ टक्क्यांचे असतील तर एका कॅनमध्ये १३ ग्रॅम अल्कोहोल, आठवड्याचे ५२, रोजचे सरासरी सात-साडेसात. दर १० ग्रॅमला साधारण ७ टक्के असा आकडा आहे, म्हणजे तुमचं १.०५. हॅमचं १.१८. सगळे गुणले: ४० चे ४७, मग ६१, मग ६४.

यात तीन ठिकाणी मी डोळे मिटले आहेत. एक, तिन्ही एकमेकांना नुसते गुणतात असं धरलं. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये दारू आणि तंबाखू एकत्र आले की निव्वळ बेरजेपेक्षा कितीतरी जास्त होतं, इथे तसं होतं का हे मला कुणी ठामपणे सांगितलेलं नाही. दोन, बिअरचा पुरावा रोज ३० ग्रॅमच्या वर पिणाऱ्यांसाठी पक्का आहे, तुमच्या सातसाठी मी रेघ मागे ओढली. शिवाय तुमचे चार कॅन दोन दिवसांत, सरासरीत ते रोजचा अर्धा कॅन दिसतात, शरीराला ते तसे दिसतात की नाही कोण जाणे. आणि तीन, तुमचं वजन किती वर्षांपासून आहे ते मी विचारलंच नाही.

आता उलटा हिशोब बघा, खरी मजा त्यात आहे. ६४ मधून फक्त बिअर काढली तर ६१. फक्त हॅम काढलं तर ५५. फक्त वजन काढलं तर ५०. वहिनींनी पाकीट फेकलं, पण यादीतली सगळ्यात जड गोष्ट पाकिटात नव्हती.

बाळूकाका
हे बरंय. म्हणजे बीएमआय कमी केला की हॅम खायला मोकळा!

अंकगणिती
काका 😄 नाही. वजन असणं आणि वजन घटवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाड माणसाला जास्त होतो हे भरपूर डेटात आहे. पण चाळिशीत वजन उतरवलं तर धोका बारीक माणसाइतका खाली येतो का, यावर तितका मजबूत डेटा नाही, कारण खूप वजन कमी करून वर्षानुवर्षं तसंच राहणारी माणसं मोजायला मिळत नाहीत. बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी झालेल्यांमध्ये काही कॅन्सर कमी दिसतात, त्यावरून आशा आहे एवढंच. ५० हा आकडा म्हणून मी पेन्सिलने लिहिलाय असं समजा.

सावली
मी इथे फारशी लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आईला दोन वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झाला. वेळेत कळला, ऑपरेशन झालं, ठीक आहे आता. तिचं वजन कायम खूप, बीएमआय ४१ होता. एका डॉक्टरांनी सगळ्यांदेखत सांगितलं की हे वजनामुळेच झालं. तेव्हापासून ती जेवताना सुद्धा अपराध्यासारखी बसते आणि मला वाटत राहतं की मीच तिला आग्रह करकरून वाढलं. अंकगणिती ताई, तुमच्या हिशोबात आईचं काय? तिला खरंच वजनामुळे झाला का?

अंकगणिती
सावली, खरं तेच लिहिते.

वजन आणि कॅन्सर यांचं नातं सगळ्यात घट्ट याच ठिकाणी आहे. २०१६ मध्ये आयएआरसीने वजनाशी पक्कं नातं असलेले १३ कॅन्सर मोजले, त्यात गर्भाशयाचं अस्तर सगळ्यात वर. बीएमआय ४० च्या पुढे साधारण ७ पट. कारणही सरळ आहे. पाळी थांबल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवायचं थांबवतं, पण चरबीच्या पेशी दुसऱ्या हार्मोनचं रूपांतर करून ते बनवत राहतात, आणि त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन आता उरलेलं नसतं. अस्तर वाढत राहतं.

आता ७ पटीचा हॉल. बेताच्या वजनाच्या १०० बायकांत समजा २ जणींना होतो, आईसारख्या वजनाच्या १०० जणींत १४ जणींना. त्या १४ पैकी १२ वजनामुळे जास्तीच्या, २ तशाही झाल्या असत्या. म्हणून डॉक्टरांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. पण ते "वजनामुळेच" मात्र त्यांनी पदरचं लावलं. त्या १४ बायका रांगेत उभ्या केल्या तर कुठल्या १२ आणि कुठल्या २ हे जगात कुणालाही सांगता येत नाही, आईच्या गाठीवर तसा शिक्का नसतो. आणि तेवढ्याच वजनाच्या बाकीच्या ८६ जणींना हा कॅन्सर झाला नाही, त्यांच्या मुलींनीही आग्रह केलाच असेल की.

हॅमच्या बाबतीत हेच कोडं उलटं आहे. ४७ पैकी ७ हॅमचे, म्हणजे साधारण सातातला एक. एखाद्या हॅमवाल्याला कॅन्सर झाला आणि कुणी म्हणालं "बघ, खाल्लंस ना", तर सातातल्या सहा वेळा ते म्हणणं चुकीचं निघेल.

(हा भागाकारही पूर्ण सरळ नाही. त्या "तशाही" झालेल्यांपैकी एखादीला ७५ व्या वर्षी व्हायचा तो ६० व्या वर्षी झाला असेल तर? तो माझ्या मोजणीत दिसतच नाही. यावर आमच्यात अजून डोकेफोड चालते.)

एक कामाचं, सगळ्यांसाठीच: पाळी थांबल्यानंतर रक्त दिसलं, अगदी एक डाग का असेना, लगेच दाखवायचं. या कॅन्सरमध्ये हे लक्षण लवकर दिसतं म्हणून वाचतात बायका.

सावली
डागावरूनच कळलं होतं. तिनेच सांगितलं होतं स्वतःहून, मी नाही. थँक्यू ताई, हे तिला वाचून दाखवणार आहे.

मंजिरी_म
दारूचं कुणी बायकांच्या अंगाने बोलेना म्हणून मीच. मी रोज रात्री एक ग्लास वाइन घेते, गेली सहा-सात वर्षं. एकच. माझ्या गायनॅकने सांगितलं की त्याने ब्रेस्ट कॅन्सर वाढतो, मी म्हटलं एक ग्लासने काय होतंय. किती वाढतो ते तिने नाही सांगितलं.

अंकगणिती
जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने एक अ‍ॅडव्हायझरी काढली, त्यात आकडे उघड्या टक्क्यांत दिले होते, असं फार कमी वेळा होतं. आठवड्याला एकापेक्षा कमी ड्रिंक घेणाऱ्या बायकांत दारूशी नातं असलेला कुठलाही एक कॅन्सर आयुष्यात होण्याची शक्यता १६.५ टक्के. रोज एक घेणारीला १९. रोज दोन घेणारीला २१.८. म्हणजे १०० जणींत रोज एकवाल्या दोन-अडीच जास्त, रोज दोनवाल्या पाच जास्त. बायकांच्या त्या आकड्यात मोठा वाटा ब्रेस्टचाच असतो. पुरुषांचे तेच १०, ११.४, १३.१.

हेच "१५ टक्क्यांनी धोका वाढला" असंही छापता येतं (१६.५ चे १९), आणि "शंभरात अडीच" असंही. दोन्ही खरं आहे. तुमचं ठरवायला दुसरं जास्त उपयोगी.

पण एक विचारते, राग नका मानू. तुमचा ग्लास केवढा?

मंजिरी_म
नेहमीचा. थांबा मोजते.

मंजिरी_म
अरे देवा. रोज जिथपर्यंत ओतते तिथपर्यंत पाणी भरून मापात ओतलं. २३० मिली. मला वाटत होतं दीडशे असेल. बाटलीवर १२ टक्के लिहिलंय.

अंकगणिती
त्यांचं एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल, १२ टक्क्यांच्या वाइनचे १५० मिली. तुमचे २३० म्हणजे जवळपास २२ ग्रॅम, दीड ड्रिंक. म्हणजे तुम्ही "रोज एक" आणि "रोज दोन" यांच्या बरोबर मधे बसता. अभ्यासातल्या प्रश्नावलीतही लोक असंच "एक ग्लास" लिहितात, आणि मग आम्ही त्यावर दशांश चिन्हानंतरचे आकडे काढतो. खुसपट यांचा मुद्दा इथे सगळ्यात जास्त लागू पडतो.

खुसपट
धन्यवाद, कुणीतरी खुसपटाची कदर केली. पण मग असं बघा, लोक कमी सांगत असतील तर २२ ग्रॅमचा परिणाम १४ च्या नावावर जमा होतोय. म्हणजे खऱ्या एका ड्रिंकचा धोका छापलाय त्यापेक्षा कमी असू शकतो.

अंकगणिती
असू शकतो, हो. सगळे सारख्याच प्रमाणात कमी सांगत असतील तर. जास्त पिणारे जास्त लपवत असतील तर रेघेचा आकारच बदलतो. इथे मला उत्तर नाही.

खादाडखाऊ
ते सगळं ठीक. पण ताई, इतके आकडे डोक्यात ठेवून जेवायचं कसं? माझे आजोबा रोज बेकन खाऊन ९१ वर्षं जगले.

अंकगणिती
आजोबा त्या ९५३ मधले. बहुतेक लोक तिथेच असतात, म्हणून प्रत्येकाच्या घरात एक असे आजोबा सापडतात. आणि ४७ मधल्यांबद्दल सांगायला बऱ्याचदा आजोबा उरत नाहीत.

सुस्तावलेला
मंजिरी ताईंचं वाचून मीपण किचनच्या काट्यावर हॅम टाकलं (नवीन पाकीट आणलंय, प्लीज घरी सांगू नका). दोन स्लाइस भरले ३८ ग्रॅम. आणि खरं तर शनिवार-रविवारी मी अंडी खातो, म्हणजे हॅम आठवड्यातून पाचच दिवस. तर रोजचे २७ ग्रॅम पडले. मग माझं १८ चं किती होईल?

अंकगणिती
वा, खरा विद्यार्थी. ५० ला १.१८, तर २७ ला साधारण १.०९. ६४ चे झाले ६०. बघा, काट्यावर ठेवल्या ठेवल्या हजारात चार जण वाचले 😄

सुस्तावलेला
मस्त! बायकोला दाखवतो. तशी तिची काळजी समजू शकतो म्हणा, आमच्या बाबांचं आतड्याचं ऑपरेशन झालं होतं त्यामुळे ती जरा जास्तच घाबरते.

अंकगणिती
थांबा थांबा. कसलं ऑपरेशन?

सुस्तावलेला
मोठ्या आतड्यात गाठ होती. कॅन्सरच होता, पण सुरुवातीचा, काढला. ५८ वर्षांचे होते तेव्हा. आता ७७ आहेत, ठणठणीत. त्यांनी आयुष्यात हॅम खाल्लेलं नाही हां, म्हणून मी ते सांगितलं नाही.

अंकगणिती
अहो हे सगळ्यात आधी सांगायचं! मी इतका वेळ तुम्हाला चुकीच्या हॉलमध्ये बसवलंय.

आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा कॅन्सर झाला असेल तर आपली शक्यता साधारण दुप्पट धरतात. म्हणजे तुमची सुरुवात ४० पासून नाही, ८० च्या आसपासून. हॅम, बिअर, वजन हे सगळं त्याच्यावर. तुमचं तेच २७ ग्रॅम हॅम ४० वर साडेतीन जण वाढवत होतं, ते ८० वर सात वाढवेल. रिलेटिव्ह रिस्क तीच, ९ टक्के, एका पैशानेही बदलली नाही. (घरचा इतिहास असलेल्यांत हॅमचा गुणाकार तसाच चालतो हे मी धरून चाललेय, कमीजास्त असू शकतं.)

पण हॅम सोडा आता, खरंच. वडिलांना साठीच्या आत झालेला आहे. अशा लोकांना कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, ४० व्या वर्षी, किंवा घरातल्या रुग्णाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा सुरू करा असं बऱ्याच गाइडलाइन्स सांगतात. तुमचं ४० ला सुरू व्हायला हवं होतं. आतड्यातली गाठ छोटी, म्हणजे पॉलिप असतानाच काढून टाकली तर त्याचा कॅन्सर व्हायचाच टळतो, वजन, बिअर आणि हॅम तिन्ही मिळून जेवढं होतं त्यापेक्षा ह्या एका तपासणीचा फरक तुमच्या बाबतीत मोठा असू शकतो. झालीये का कधी?

सुस्तावलेला
नाही झाली. कुणी सांगितलंच नाही. म्हणजे बाबांच्या डॉक्टरांनी तेव्हा भावाला आणि मला काहीतरी म्हटलं होतं, पण मी २७ वर्षांचा होतो, "चाळिशीनंतर बघू" म्हणून सोडून दिलं.

बाळूकाका
अरे सुस्तावलेल्या, नावाला जागलास. मी दोनदा करून घेतलीये, आदल्या दिवशीचं ते औषध पिणं तेवढं वाईट, बाकी झोपेत होतं, कळतही नाही. उद्याच फोन कर. भावालाही सांग, धाकटा असेल तर त्यालाही.

अंकगणिती
काकांना +१. आणि डॉक्टरांना वडिलांचं वय ५८ हा आकडा नक्की सांगा, नुसतं "घरात होता" म्हणू नका. जमलं तर तेव्हाचा बायोप्सीचा रिपोर्ट शोधा.

सुस्तावलेला
अपडेट: बायकोने धागा वाचला. हॅमबद्दल एक अक्षर बोलली नाही. पुढच्या गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीये, तिनेच. भावाला मेसेज टाकलाय, तो विचारतोय की त्याला पण हॅम सोडावं लागेल का.